पाच उत्तरे जमेपर्यंत थांबा : पीएचडी मार्गदर्शकाचे निनावी मूल्यमापन

विभागातील संशोधक विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली, तेव्हा पहिल्याच उत्साहात मी एका संध्याकाळी मार्गदर्शकांविषयीचा गुगल फॉर्म तयार केला. नाव विचारायचे नाही, म्हणजे फॉर्म निनावी झाला, अशी माझी समजूत होती. शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ असा एक मोकळा रकाना ठेवला होता. एका मार्गदर्शकांकडे तिघेच विद्यार्थी होते आणि त्यांपैकी एकाने त्या रकान्यात लिहिले, “तिसरे प्रकरण देऊन सात महिने झाले, अजून एक ओळ आलेली नाही.” नाव कुठेच नव्हते, परंतु उरलेले दोघे अजून क्षेत्रकार्यात होते आणि तिसरे प्रकरण लिहून झालेला विद्यार्थी एकच होता. सरांनी अहवाल वाचला आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्याला विचारले, “काय रे, महिने मोजत बसला होतास काय?” त्यानंतर त्याच्या संशोधन सल्लागार समितीच्या, म्हणजे आरएसीच्या, बैठकीची तारीख दोनदा पुढे गेली. त्या दोन गोष्टींचा संबंध होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. फॉर्म मात्र मी तयार केला होता.

पुढची दोन वर्षे आम्ही ही पद्धत दुरुस्त करत गेलो. आपल्या विभागात किंवा संशोधन केंद्रात असे मूल्यमापन पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी तिची मांडणी खाली केली आहे.

१. प्रश्नांच्या आधी डोकी मोजा

वर्गात साठ विद्यार्थी असतात, त्यामुळे अध्यापनाविषयीचा निनावी अभिप्राय बहुतेक वेळा खरोखर निनावी राहतो. पीएचडीत तसे होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जादा जागा वगळता, एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. एवढ्या थोड्या माणसांत कोणाचे लिखाण कुठवर आले आहे आणि कोणाची अधिछात्रवृत्ती अडली आहे, हे मार्गदर्शकांना तोंडपाठ असते.

म्हणून पहिला नियम असा करावा, की एका मार्गदर्शकाविषयी किमान पाच उत्तरे आल्याशिवाय त्याच्याविषयी काहीही जाहीर करायचे नाही. पाच हा आकडा कोणत्याही कायद्यातून आलेला नाही. तो आम्ही अनुभवाने ठरवला. तिघांची उत्तरे असली की मार्गदर्शक अंदाज बांधतात आणि तो बरोबर निघतो. पाच-सहा असली की अंदाज डळमळतो. आता गणित पाहा. परदेशी विद्यार्थी नसतील तर सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात, म्हणजे केवळ सध्याच्या विद्यार्थ्यांच्या भरवशावर त्यांचे मूल्यमापन कधीच जाहीर करता येणार नाही. यावर उपाय पुढच्या पायरीत आहे.

२. यादीत माजी विद्यार्थी घ्या आणि सोडून गेलेल्यांनाही घ्या

गेल्या तीन-चार वर्षांत त्या मार्गदर्शकांकडून पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी यादीत घेतले, की संख्या वाढते आणि त्यांच्यावर कोणाचे दडपणही नसते. त्यांची नावे शोधणे अवघड नाही. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या भांडारात प्रबंधासोबत मार्गदर्शकाचे नाव नोंदलेले असते, त्यामुळे मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेतला की पूर्ण झालेले प्रबंध सापडतात.

इथेच पहिला सापळा आहे. शोधगंगेत फक्त पोहोचलेले दिसतात. ज्यांनी अर्ध्यावर नोंदणी रद्द केली किंवा मार्गदर्शक बदलून घेतला, ते दिसत नाहीत. केवळ पदवी मिळालेल्यांना विचारले, तर जवळपास प्रत्येक मार्गदर्शक उत्तम ठरतो, कारण ज्यांचे जमले नाही ते यादीतच नसतात. अशांची नावे विभागातील वरिष्ठ संशोधकांना आणि कार्यालयातील जुन्या लिपिकांना ठाऊक असतात. आमच्या विभागात एका मार्गदर्शकांची पूर्ण झालेल्या प्रबंधांची संख्या सर्वांत मोठी होती. सोडून गेलेल्यांची संख्याही त्यांच्याकडेच सर्वांत मोठी निघाली. अर्थात, सोडून जाण्याची कारणे नोकरी, लग्न, घरची अडचण अशी वेगळीही असतात, म्हणून त्या संख्येवरून निष्कर्ष न काढता त्या माणसांना प्रश्न विचारावेत.

३. कोणत्या गोष्टी जवळ हव्यात

साहित्य फारसे लागत नाही. प्रत्येक मार्गदर्शकाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांची यादी, दहा-बारा प्रश्नांचा फॉर्म, सांकेतिक क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या, जाड कागदाचे एक पाकीट आणि उत्तरे संकलित करणारी दोन माणसे, एवढे पुरते. त्यातील एक माणूस विभागाबाहेरचा असावा. आमच्या वेळी दुसऱ्या विभागातील एका मॅडमनी हे काम स्वीकारले होते. प्रतिनिधीने एकट्याने उत्तरे उघडू नयेत, कारण त्याचाही कोणी ना कोणी मार्गदर्शक असतोच.

यासोबत विभागप्रमुखांचे एक छोटे पत्र घ्यावे. त्यात उद्देश, जाहीर करण्याची किमान संख्या आणि अहवाल कोणाकोणाला मिळणार, या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. हे पत्र नसेल तर पुढे “तुम्हाला हे करायला सांगितले कोणी?” हा प्रश्न हमखास येतो.

४. मत विचारू नका, घडलेले विचारा

“तुमचे मार्गदर्शक चांगले मार्गदर्शन करतात का?” या प्रश्नाला पाचपैकी चार गुण मिळतात. तो कोणाहीबद्दल विचारला तरी चारच मिळतात. ज्याला महिनोन्महिने वाट पाहण्याची सवय झाली आहे, त्याला दोन महिन्यांत आलेला अभिप्राय लवकर आलेला वाटतो, आणि सरांचा स्वभाव प्रेमळ असेल तर विद्यार्थी सगळ्याच रकान्यांत भरभरून गुण देतो. म्हणून प्रश्न असा हवा, की त्याचे उत्तर देताना विद्यार्थ्याला आपली वही किंवा ईमेल उघडून पाहता येईल.

मार्गदर्शनासाठी आम्ही विचारले, “गेल्या चार महिन्यांत तुमच्या संशोधनाच्या मजकुरावर किमान अर्धा तास चर्चा किती वेळा झाली?” फॉर्मवर सही घेताना झालेले बोलणे यात धरू नये, असे खाली स्पष्ट लिहिले. दुसरा प्रश्न होता, “मागच्या आरएसी बैठकीपूर्वी मार्गदर्शकांनी तुमचा प्रगती अहवाल वाचला होता का?” आरएसीपुढे विद्यार्थ्याला दर सत्रात उभे राहावे लागते, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यांना लागू पडतो आणि त्याचे उत्तर विसरण्यासारखे नसते.

न्याय्य वागणुकीसाठी तीन प्रश्न पुरले. शोधनिबंधावरील नावांचा क्रम लिखाणाआधी ठरला, नंतर ठरला की ठरलाच नाही. अधिछात्रवृत्तीच्या कागदांवर सही मिळायला साधारण किती दिवस लागतात. आणि आपल्या संशोधनाशी संबंध नसलेली कामे महिन्यातून किती दिवस करावी लागतात. शेवटच्या प्रश्नात उदाहरणे द्यावीतच, कारण चर्चासत्राची नोंदणी सांभाळणे, उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज करणे किंवा सरांच्या बँकेच्या कामाला जाणे हे ‘काम’ आहे, असे अनेकांना वाटतच नाही. मी स्वतः ते तीन वर्षे मोजले नव्हते.

पाठिंब्यासाठी एकच प्रश्न ठेवला : आजारपण, बाळंतपण किंवा विदा हाती न येणे अशी अडचण आली तेव्हा मुदतवाढीचे किंवा रजेचे कागद पुढे सरकवायला मार्गदर्शकांनी मदत केली का. तुम्हाला कोणती अडचण आली, हे मात्र विचारू नये. ती सांगितली की माणूस ओळखू येतो.

मार्गदर्शकांच्या बाजूचाही एक प्रश्न असावा : “ठरलेल्या तारखेला लिखाण देणे तुम्हाला गेल्या वर्षभरात किती वेळा जमले?” बैठकीच्या आदल्या रात्री साठ पाने पाठवून सकाळी अभिप्रायाची अपेक्षा करणारे विद्यार्थीही असतात, आणि हा प्रश्न नसेल तर मार्गदर्शकांचा पहिला आक्षेप तोच येतो.

मोकळा रकाना ठेवू नये. नाव नसले तरी भाषा असते. सगळे इंग्रजीत लिहिणाऱ्या विभागात मराठीत लिहिणारा एकटा असतो. कोणाच्या लिखाणात ‘मुळात’ हा शब्द दर ओळीला येतो. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचेच ठेवावेत.

फॉर्मच्या अगदी वर दोन वाक्ये ठळक लिहावीत. लैंगिक छळाची तक्रार या फॉर्ममधून करू नये, त्यासाठी अंतर्गत समिती आहे आणि २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करणे अपेक्षित असते. इतर गाऱ्हाण्यांसाठी आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. निनावी फॉर्ममधील गंभीर आरोपावर कोणालाच कारवाई करता येत नाही, आणि तो भरून ‘मी सांगितले आहे’ असे समजून बसलेल्या विद्यार्थ्याची मुदत मात्र निघून जाते.

५. फॉर्मच्या सेटिंगमधील चार जागा

फॉर्म वैयक्तिक खात्यावरून तयार करावा. संस्थेच्या खात्यावरून केलेला फॉर्म संस्थेबाहेरच्यांसाठी बंद असू शकतो, आणि मग माजी विद्यार्थ्यांना तो उघडत नाही. `Collect email addresses` येथे `Do not collect` निवडावे. `Limit to 1 response` बंद ठेवावे, कारण ते सुरू असले की उत्तर देणाऱ्याला खात्यात प्रवेश करावा लागतो आणि तेवढ्यानेच निम्मी माणसे घाबरून मागे फिरतात. `View results summary` हेही बंद असावे. नाहीतर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला आतापर्यंतची सगळी उत्तरे दिसतात. चौथी जागा फॉर्ममध्ये नसून उत्तरांच्या तक्त्यात आहे : पहिला रकाना `Timestamp` नावाचा असतो आणि त्यात उत्तर आल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. तक्ता उतरवून घेतल्यावर सर्वप्रथम तो रकाना काढून टाकावा आणि मग ओळींचा क्रम विस्कटावा.

एकाने दोनदा फॉर्म भरू नये, यासाठी आम्ही चिठ्ठ्या वापरल्या. एका मार्गदर्शकाच्या यादीत आठ नावे असतील, तर चार-चार अक्षरांचे आठ सांकेतिक क्रमांक लिहून चिठ्ठ्या पाकिटात टाकायच्या आणि प्रत्येकाने न पाहता एक उचलायची. कोणाला कोणती मिळाली, याची नोंद कुठेच होत नाही. गावाला किंवा परदेशी असलेल्यांच्या वतीने त्यांच्या विश्वासातला कोणीतरी चिठ्ठी उचलतो आणि फोनवर क्रमांक सांगतो. फॉर्ममधील पहिला प्रश्न हा क्रमांक विचारतो. एकच क्रमांक दोनदा आला, तर दोन्ही उत्तरे बाद होतात.

६. कोणत्या दिवसांत विचारायचे

आरएसी बैठकीच्या आधीचे दोन आठवडे आणि अधिछात्रवृत्तीच्या सह्यांचे दिवस टाळावेत. त्या काळात विद्यार्थी धास्तावलेले असतात, आणि बैठक बिघडली तर दुसऱ्याच दिवशी रागात उत्तरे देतात. बैठका आटोपल्यानंतर तीन आठवड्यांनी दहा दिवसांची मुदत द्यावी. मुदत संपेपर्यंत तक्ता उघडू नये. रोज उघडून पाहिले, की आज कोण कोण संगणकावर बसले होते त्यावरून उत्तर कोणाचे, हे नकळत लक्षात राहते.

७. उत्तरे वाचायची कशी : एक उदाहरण

लिखाण परत मिळण्याचा कालावधी हा सर्वांत मोजण्यासारखा भाग आहे आणि सर्वांत चुकीचाही तोच वाचला जातो. दुसऱ्या वर्षी आम्ही एका मार्गदर्शकांविषयी विचारले, “शेवटचे लिखाण दिल्यापासून पहिला अभिप्राय येईपर्यंत किती दिवस लागले?” आठ जणांच्या यादीतील सहा उत्तरे आली : ९, ११, १४, २१, ७५ आणि ११० दिवस. बेरीज २४० आणि सरासरी ४०. अहवालात आम्ही ‘सरासरी ४० दिवस’ असे लिहिणार होतो, तेव्हा त्या दुसऱ्या विभागातील मॅडम म्हणाल्या, “चाळीस दिवस लागलेला एक तरी विद्यार्थी दाखवा.” एकही नव्हता. मध्यक काढला तर तो साडेसतरा आला. तो मार्गदर्शकांना सोयीचा होता, पण ७५ आणि ११० त्यात गडप झाले.

प्रश्नच चुकला होता. ‘लिखाण’ या एका शब्दाखाली शोधनिबंध आणि प्रबंधाचे प्रकरण या दोन वेगळ्या वस्तू आल्या होत्या. म्हणून पुढच्या फेरीत दोन प्रश्न केले, नेमक्या दिवसांऐवजी पर्याय दिले आणि ज्याने ते लिखाण दिलेलेच नाही त्याच्यासाठी ‘लागू नाही’ हा पर्याय ठेवला. शोधनिबंधाबाबत सहा उत्तरे आली : चौघांना १४ दिवसांत आणि दोघांना १५ ते ३० दिवसांत अभिप्राय मिळाला होता. प्रकरणाबाबत पाच उत्तरे आली : ३० दिवसांत एक, ३१ ते ६० दिवसांत दोन आणि ६० दिवसांहून अधिक दोन. आता चित्र स्पष्ट झाले. हे मार्गदर्शक सरसकट उशीर करणारे नव्हते. ज्या लिखाणावर त्यांचे स्वतःचेही नाव येते ते ते लगेच वाचत आणि प्रकरणे मागे पडत. यात दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. शोधनिबंधाला संपादकांनी दिलेली तारीख असते, प्रकरणाला कोणाचीच तारीख नसते.

हे निष्कर्ष जाहीर करताना तीन काळज्या घेतल्या. ‘३० दिवसांत’ या खान्यात एकच उत्तर होते, म्हणून शेजारचा खाना त्यात मिसळून ‘६० दिवसांच्या आत तीन, त्याहून अधिक दोन’ असे लिहिले; एकच उत्तर असलेला खाना कधीही तसाच बाहेर जाऊ देऊ नये. ‘लागू नाही’ म्हणणाऱ्याचा उल्लेखच केला नाही, कारण ज्याने प्रकरण दिलेले नाही असा एकच विद्यार्थी असेल, तर त्याने फॉर्म भरला हे त्यातून कळते. तिसरी काळजी उलट बाजूची आहे : सगळ्यांनी एकच उत्तर दिले, तर प्रत्येकाचे उत्तर उघड होते. सहाही जणांनी ‘अहवाल वाचला नव्हता’ असे लिहिले, तर मार्गदर्शकांना ओळखायला कोणी उरतच नाही. असे प्रतिकूल आणि एकमुखी उत्तर आले, तर ते सहाही जणांना विचारूनच बाहेर काढावे. कोणी काय लिहिले हे आपल्याला माहीत नसते, म्हणून यादीतील सर्व आठ जणांना विचारावे लागते, आणि एकानेही नकार दिला तर तो प्रश्न अहवालातून वगळावा.

आणखी एक सापळा वजाबाकीचा आहे. मागच्या वर्षी पाच उत्तरांचा निकाल दिला आणि या वर्षी त्यात एक नवे उत्तर मिळवून सहांचा दिला, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून सहावे उत्तर काढता येते. जुन्यात भर घालत जाऊ नये. पाच नवी उत्तरे जमेपर्यंत नवा निकाल देऊ नये. छोट्या विभागात याचा अर्थ दोन-तीन वर्षांतून एकदाच अहवाल निघतो, आणि ज्या मार्गदर्शकांची पाच माणसे कधीच जमत नाहीत त्यांच्याविषयी या पद्धतीने काहीही कळत नाही. त्यांच्याकडे नोंदणी करू पाहणाऱ्याने जुन्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भेटून चहा पाजणे, हाच मार्ग राहतो.

८. अहवाल आधी मार्गदर्शकांच्या हाती

अहवाल एका पानाचा असावा आणि तो बंद पाकिटातून आधी त्या मार्गदर्शकांनाच द्यावा. उत्तर लिहायला त्यांना पंधरा दिवस द्यावेत आणि ते उत्तर जोडूनच कागद विभागप्रमुखांकडे जावा. मार्गदर्शकांची क्रमवारी लावू नये. सहा-सहा उत्तरांवर पहिला-दुसरा ठरवण्याइतका आधार नसतो आणि तेवढ्यावरून विभागात कायमची तेढ मात्र पडते.

वरच्या उदाहरणातील मार्गदर्शकांनी लिहून दिले, की सत्र चालू असताना त्यांना प्रकरण सलग वाचता येत नाही, ते सुट्टीची वाट पाहतात, आणि ही गोष्ट त्यांनी विद्यार्थ्यांना कधी सांगितली नव्हती. पुढच्या महिन्यात त्यांच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आली. त्यात तीन रकाने होते : प्रकरण आल्याची तारीख, वाचून देण्याची तारीख आणि प्रत्यक्ष दिल्याची तारीख. तिसरा रकाना बऱ्याचदा दुसऱ्याच्या मागे असे, पण विद्यार्थ्याला विचारायला आता एक जागा झाली होती.

९. मूळ उत्तरे नष्ट करणे

अहवाल पोहोचल्यावर मूळ उत्तरे ठेवू नयेत. येथे एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही : उत्तरांचा तक्ता पुसला तरी फॉर्मच्या आत उत्तरे शिल्लक राहतात, म्हणून फॉर्ममधूनही ती स्वतंत्रपणे पुसावी लागतात. पुसलेला तक्ता ड्राइव्हच्या `Trash` मध्ये तीस दिवस पडून असतो. तोही रिकामा करावा. कोणी संगणकावर प्रत उतरवून घेतली असेल, तर तीही पुसावी. हे सगळे दोन्ही संकलकांनी एकत्र बसून करावे आणि उरलेल्या चिठ्ठ्या त्याच वेळी फाडून टाकाव्यात.